नाडीच्या चिठ्ठीवर एकटा आकडा पुरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या वसाहतीच्या सभागृहात आरोग्य तपासणी शिबिर झाले. मी परिचारिका असल्याने वजन, रक्तदाब आणि नाडी यांच्या टेबलावर दिवसभर बसले होते. प्रत्येकाला दिलेल्या छापील चिठ्ठीवर नाडीच्या रकान्यापुढे ‘६० ते १००’ असे लिहिले होते आणि त्याशेजारी आम्ही त्या माणसाचा आकडा भरत होतो. शिबिर संपले, पण त्या आकड्यांनी शेजाऱ्यांची झोप उडवली. संध्याकाळपासून चिठ्ठी हातात घेऊन लोक माझ्या दारात येऊ लागले. कोणाला ९६ जास्त वाटत होते, कोणाला ५४ कमी वाटत होते, आणि ज्यांना खरोखर पुढे तपासणीला जायला हवे होते ते मात्र ‘७८ आहे, म्हणजे एकदम नॉर्मल’ असे म्हणून निर्धास्त होते. त्या सर्वांना दारात उभे राहून जे सांगितले, तेच आपल्या वाचकांसाठी नीट मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण दारात आलेल्या निम्म्या लोकांचा तो होता. नाडी म्हणजे रक्तदाब नव्हे. हृदय आकुंचन पावले की रक्ताची एक लाट रोहिणीतून पुढे जाते आणि मनगटाला अंगठ्याच्या बाजूला बोटांखाली तिचा धक्का जाणवतो. एका मिनिटात असे किती धक्के लागले, तो नाडीचा आकडा. रक्त वाहिनीच्या भिंतीवर किती जोराने दाब देते, ही वेगळी गोष्ट आहे. रक्तदाबाच्या यंत्रावर दोन्ही आकडे एकाखाली एक दिसतात म्हणून गोंधळ होतो, परंतु नाडी ९६ असूनही रक्तदाब उत्तम असू शकतो आणि रक्तदाब बराच वाढलेला असूनही नाडी ७० असू शकते.

मोठ्या माणसासाठी ६० ते १०० ही जी मर्यादा सांगितली जाते, ती विश्रांतीच्या अवस्थेतील नाडीची आहे. चिठ्ठीवर हा एक शब्द छापायचा राहिला होता आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. आमचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट त्या दिवशी बंद होती. शेजारच्या इमारतीतील एक काकू जिने चढून आल्या आणि धापा टाकतच माझ्यासमोर बसल्या. मागे रांग असल्याने लगेच हात पुढे केला, तर नाडी ११४ भरली. त्या घाबरल्या आणि घाबरल्यामुळे ठोके आणखी वाढले. मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायला सांगितले. नंतर बोलण्यातून कळले की घरून निघण्यापूर्वी त्यांनी चहा घेतला होता आणि मशेरीही लावली होती. तंबाखूतील निकोटीनमुळे ठोके वाढतात आणि मशेरी म्हणजे तंबाखूच, हे बहुतेक बायकांच्या ध्यानातच येत नाही. दहा मिनिटांनी नाडी ९२ झाली आणि अर्ध्या तासाने, रांग संपल्यावर पुन्हा मोजली, तेव्हा ती ८२ होती. हृदय तेच आणि माणूसही तोच, पण पहिला आकडा जिन्याचा, चहाचा, मशेरीचा आणि भीतीचा होता. काकूंच्या चिठ्ठीवर मी ११४ खोडून ८२ लिहिले.

म्हणून घरी मोजायचे असेल तर सकाळी उठल्यावर, चहा घेण्यापूर्वी मोजावे, हे सर्वांत सोपे. दिवसा मोजायचे झाल्यास चहा, तंबाखू किंवा चालणे यांनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग पाच-दहा मिनिटे शांत बसावे. हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवून तळवा वर करावा आणि दुसऱ्या हाताची मधली दोन-तीन बोटे अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला हलकेच ठेवावीत. फार दाबले तर धक्का नाहीसा होतो. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्यात स्वतःचीही नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून ३० सेकंद मोजावे आणि दुप्पट करावे. ठोके एकसारख्या अंतराने येत नसतील, तर मात्र पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय अनेकांना असते, पण त्यात एका ठोक्याची चूक थेट चारची होते.

असे तीन-चार सकाळी मोजून आकडे कॅलेंडरवर लिहिले की आपली नेहमीची नाडी किती हे कळते, आणि माझ्या मते छापील मर्यादेपेक्षा हीच माहिती जास्त कामाची आहे. ज्याची नाडी वर्षानुवर्षे ६४ असते, त्याची आठवडाभर रोज सकाळी ९२ भरू लागली, तर चिठ्ठीच्या हिशेबाने तो ठीक असला तरी त्याच्या शरीरात काहीतरी बदलले आहे. ताप हे त्याचे सर्वांत साधे कारण. थर्मामीटरचा पारा सुमारे दोन अंश फॅरनहाइट चढला की ठोके साधारण दहाने वाढतात. जुलाब, उलट्या किंवा कडक उपवासात पाणी कमी गेले तरीही ते वाढतात. पण तापही नाही, पाणीही पुरेसे पिणे होते आणि तरी विश्रांतीची नाडी रोज शंभरच्या आसपास किंवा वर राहते, तेव्हा दोन गोष्टी तपासून घ्याव्यात: हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. शिबिरात एक तरुण आई आली होती. तिला मी तीनदा अंतरा-अंतराने बसवून मोजले आणि तिन्ही वेळा आकडा १०२ ते १०६ यांमध्येच राहिला. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकट होती. रक्त कमी असले की तेवढाच प्राणवायू शरीरभर पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. तिला हृदयाच्या गोळ्यांची नव्हे, रक्ततपासणीची गरज होती आणि तिला त्यासाठीच पाठवले.

कमी आकड्याबद्दल थोडेसेच. रोज पहाटे धावणाऱ्या किंवा शेतात वर्षानुवर्षे कष्ट केलेल्या माणसाची नाडी ५० ते ६० यांमध्ये असणे नवल नाही, कारण त्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांची नाडी त्या गोळीमुळेच कमी होते. दारात आलेल्या ५४ आकड्याच्या आजोबांचे असेच होते. आकडा पाहून त्यांनी रात्रीपासून गोळी बंद करायचे ठरवले होते, आणि हे फार धोक्याचे आहे. ही गोळी अचानक थांबवली की ठोके आणि रक्तदाब उसळून वर येतात आणि हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखूही शकते. चक्कर, अंधारी, गळून गेल्यासारखे वाटणे यांपैकी काही नसेल तर गोळी चालू ठेवून डॉक्टरांना आकडा सांगावा. नाडी ५० पेक्षा कमी भरत असेल किंवा यांपैकी त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

ज्या एका माणसासाठी मला हे पत्र लिहावेसे वाटले, त्यांच्याकडे आता येते. चौथ्या मजल्यावरचे एक काका, वय सत्तरीच्या पुढे, हसतमुख, कसलीही तक्रार नाही. यंत्राने नाडी ७८ दाखवली. मी सवयीने मनगटावर बोटे ठेवली आणि थांबले. एक ठोका, लगेच दुसरा, मग मोठी पोकळी, मग तीन घाईघाईने, त्यांतला एक अगदी पुसट. त्यात काही लय सापडेना. शिबिरातील डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजले आणि त्याच मिनिटात मी मनगटावर मोजले. छातीवर ९६ भरले, मनगटावर ७८. राहिलेले अठरा ठोके इतके दुबळे होते की त्यांची लाट मनगटापर्यंत पोचलीच नव्हती. यंत्राचे ७८ चुकीचे नव्हते, पण मनगटापर्यंत जे आले तेवढेच त्याने मोजले होते.

हृदयाचे वरचे कप्पे एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले की नाडी अशी बेताल होते. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्या थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. अनेकांना तोपर्यंत काहीच जाणवत नाही. निदान साध्या इसीजीने होते आणि गुठळी होऊ नये म्हणून औषधेही आहेत. काकांना दुसऱ्या दिवशी इसीजीसाठी पाठवले आणि त्यात तेच निघाले. चिठ्ठीवरील त्यांचा आकडा सर्वांत सुरेख होता.

नाडीतील प्रत्येक चढउताराला घाबरू नये, हेही इथेच सांगायला हवे. तरुण मुलांमध्ये श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, ते निरोगीपणाचेच आहे. क्वचित एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात लागणे बऱ्याच जणांना होते. लक्ष द्यायचे ते मिनिटभर मोजूनही ताल अजिबात बसत नसेल तेव्हा. लहान मुलांना तर ही मर्यादा लावूच नये. तान्ह्या बाळाची नाडी १३० असली तरी ती त्याच्या वयाला साजेशीच असते, आणि एका आजींना हे पटवायला मला बराच वेळ लागला.

छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे किंवा एका हातातील बळ जाणे यांपैकी काही असेल तेव्हा नाडी मोजत बसू नये. आकडा काहीही असो, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना आपल्या वृत्तपत्रातून माझी एक विनंती आहे. नाडीच्या टेबलाआधी आठ-दहा खुर्च्या मांडाव्यात आणि तिथे लोकांना दहा मिनिटे बसवूनच पुढे पाठवावे, मग रांग थोडी हळू सरकली तरी चालेल. चिठ्ठीवर ‘६० ते १००’ च्या आधी ‘विश्रांतीनंतर’ हा शब्द छापावा आणि आकड्याशेजारी आणखी एक छोटा रकाना ठेवावा: ताल नियमित की अनियमित. तो भरायला परिचारिकेची बोटे आणि एक मिनिट लागते. पुढचे शिबिर आमच्याच सभागृहात दिवाळीनंतर आहे आणि त्याच्या चिठ्ठ्या अजून छापायच्या आहेत.

आपली नम्र,
एक परिचारिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)