मोहरी कुठल्या घरची?

चि. सुगत,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तू नर्स आहेस ना, मग आजीला औषध का नाही दिलंस?" मी "उद्या सांगते" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तो विषयच टाळला. फोनवर बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

औषध दिलं होतं रे. दोन्ही वेळा, मोजून. पण शरीर पार थकलं की औषधही त्याला धरून ठेवू शकत नाही.

तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन फार पूर्वी एक बाई दारोदार फिरली होती. मी तुझ्याएवढी असताना आजीने मला तिची गोष्ट सांगितली होती.

अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्ती नावाचं मोठं नगर होतं. आज ती जागा उत्तर प्रदेशात, राप्ती नदीजवळ आहे. तिथे गोतमी राहायची. अंगाने काटकुळी, म्हणून सगळे तिला किसा गोतमी म्हणत. पाली भाषेत किसा म्हणजे बारीक. गरिबाघरची म्हणून सासरी तिला कुणी विचारत नसे. मग तिला मुलगा झाला आणि घरात तिला मान मिळू लागला. तो दुडुदुडु पळायला लागला, खेळायला लागला, आणि एक दिवस गेला.

गोतमीने त्याआधी कुणाचं मरण पाहिलंच नव्हतं. लोक बाळाला न्यायला आले तर तिने नेऊ दिलं नाही. त्याला कडेवर घेऊन ती घरोघरी विचारत निघाली, "माझ्या बाळाला औषध द्या." काही लोक हसलेसुद्धा. एका समजूतदार माणसाने मात्र तिला जेतवन नावाच्या विहारात बुद्धांकडे पाठवलं.

बुद्ध तिला "बाळ गेलं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "चिमूटभर मोहरी आण. पण ज्या घरात आजवर कुणीच मेलं नाही, अशा घरातूनच."

गंमत बघ, त्या पांढऱ्या मोहरीला पालीत सिद्धत्थक म्हणतात, आणि बुद्धांचं घरचं नाव सिद्धत्थ!

मोहरी कुणाकडे नसते? पहिल्याच घरातल्या बाईने तिच्या ओंजळीत मोहरी ओतली. गोतमीने विचारलं, "तुमच्याकडे कुणी गेलेलं नाही ना?" बाईचा हात तिथेच थांबला. "अगं, गेलेले मोजायचे कसे? असलेलेच थोडे." गोतमीने ओंजळ परत डब्यात रिकामी केली. "मग ही माझ्या बाळाची मोहरी नव्हे."

पुढच्या दारात एका म्हातारीने तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आपल्या लेकीबद्दल सांगत बसली. (ही म्हातारी आजीने घातलेली आहे हं, जुन्या गोष्टीत ती नाही. मला ती आवडते म्हणून मीही ठेवली.) कुणी म्हणतं, दोन-तीन घरांतच गोतमीला उमगलं. आजीच्या गोष्टीत ती दिवे लागेपर्यंत फिरायची. प्रत्येक दारात मोहरी मिळायची, प्रत्येक दारात परत करावी लागायची.

शेवटी ती गावाबाहेर स्मशानात गेली. बाळाला अलगद खाली ठेवलं आणि रिकाम्या हातांनी जेतवनात परतली.

बुद्धांनी विचारलं, "गोतमी, मोहरी मिळाली?"

ती म्हणाली, "भन्ते, मोहरीचं काम झालं."

पुढे ती भिक्खुणी झाली. थेरी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी. थेरीगाथा या पाली ग्रंथात इतर थेरींच्या गाथांबरोबर तिच्याही गाथा आहेत.

गोष्ट ऐकून मी आजीवर चिडले होते. "म्हणजे बुद्धांनी तिला फसवलं! मोहरीने बाळ उठणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं." आजी तेव्हा सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आजारी कोण होतं, सांग बघू." मला तेव्हा कळलं नाही. या पंधरा दिवसांत थोडं कळतंय. तुझी आजी गेली, तशी माझी आई गेली ना.

बाबा सांगत होते, तू आजीची बाज हलवू देत नाहीस. राहू दे. मी रविवारी येते, मग आपण दोघं मिळून ठरवू. बाजेखाली एक काठी आहे, ती आजीची नाही. तुझ्या आजोबांची आहे. तू जन्मायच्या आधीच ते गेले. आजी रोज झाडताना ती काठी उचलायची, पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. म्हणजे गोतमी आपल्या दारात आली असती, तर आजी होती तेव्हाही आपली मोहरी तिला चालली नसती.

मिसळणाच्या डब्यातली मोहरी आजीनेच भरलेली आहे. बाबांना म्हणावं, संपवू नका. रविवारच्या वरणाला त्यातलीच घालू. फोडणी तू दे, मी शेजारी उभी राहते. मोहरी तडतडली की लगेच झाकण ठेव, नाहीतर अंगावर उडते.

तुझी,
आई