स्टार्टरला नाव ठेवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सावरडो स्टार्टरचं, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठाचं, घरात बारसं जरूर करा, पण आधी दोन दिवस त्याच्या तऱ्हा बघा. पीठ-पाणी खायला घातलं की बरणीवर त्याच्या पातळीला रबर बँड चढवा. आपल्याकडच्या दमट उकाड्यात, ३० अंशांच्या आसपास, चांगला जिवंत स्टार्टर चार-पाच तासांत दुप्पट होतो. माथा फुगून काचेला बुडबुडे चिकटले की तो ‘उधाण्या’. पावाचं पीठ तेव्हाच मळावं. माथा मधोमध खचला आणि पिठाचे ओघळ वर काचेवरच राहिले की ‘ओहोटी’.

वर करडं, आंबूस पाणी साचलं तर ‘रुसूबाई’. ती मेलेली नसते, उपाशी असते. पाणी ओतून टाका, १० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी द्या. स्टार्टरइतकंच पीठ आणि पाणी दिलंत तर आपल्या हवेत रात्रीतच संपतं आणि सकाळी पुन्हा रुसवा. दोन-तीन खेपांत ती पुन्हा उधाणते.

गुलाबी-नारिंगी छटा किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र लाड नकोत. सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

घरातल्या नावांसोबत रबर बँडचा फोटोही पाठवा.