मन्या, चष्मा तुटला

मन्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही, शिव्या नंतर घाल. बीपी ठीक आहे, गुडघा जुनाच. पण परवा चष्मा मोडला, नाकावरच्या पुलाशी कट्टकन, दोन तुकडे. उणे सातवाल्याचं काय होतं हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार? घरचे म्हणतात, "जुना घाला की." अरे, जुना साडेपाचचा! दीड नंबर कमी, म्हणजे साधारण दोन फुटांपर्यंत स्पष्ट, त्यापुढे नुसता धूर. ताट दिसतं, मोबाईल दिसतो, यष्टीची पाटी नाही. स्कूटर तर सोडूनच दिली. पाटी वाचायची तर मुठीच्या बारीक भोकातून बघायचो, आपण हॉस्टेलवर पिक्चरला करायचो तसंच. अंधुक दिसतं पण अक्षर लागतं. नाहीतर मोबाईलचा कॅमेरा पाटीवर धरून स्क्रीन नाकाशी आणायची.

तुकडे जोडायचे तर मुलगा झटपट चिकटणारा गोंद घेऊन आला, मी ओरडलोच. त्याची वाफ काचेवर बसते आणि पांढरा थर येतो. तू माझ्या चष्म्याचं तेच केलंस आणि अजून म्हणतोस की माझ्या श्वासाने झालं! यावेळी काडेपेटीची काडी मागून आडवी लावली, वरून मायक्रोपोर टेप घट्ट गुंडाळला, काचेला टेप लागू दिला नाही. घालता आला, पण एक काच खाली लोंबायची आणि तासाभरात डोकं धरायचं.

सकाळी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. नव्या काचा करायच्या तर या नंबराला लॅबमधून मागवाव्या लागतात, चार-पाच दिवस. पण तो म्हणाला काचा शाबूत आहेत ना, मग किंचित लहान फ्रेम शोधू, कडा घासून त्यातच बसवतो. मोठी फ्रेम चालत नाही, काच वाढवता येत नाही ना. मला एक गोल फ्रेम आवडली होती, त्याने ती घालायला लावून समोर बघायला सांगितलं, बुबुळासमोर पेनने ठिपका दिला आणि मशिनवर काचेचा मध्य काढून दाखवला, दोन्हीत तीन मिलिमीटरचा फरक. एवढ्या नंबरात तेवढंही डोळ्यांना ताण देतं म्हणाला, आणि ती फ्रेम दिलीच नाही. गिऱ्हाईक हातचं जाईल याची फिकीर न करता! मग चौकोनी कुरूप एक निघाली, मध्य जमला, अर्ध्या तासात चष्मा तयार. वहिनींना फोटो दाखवू नकोस, हसतील.

जोडीला दुसरा चष्मा ऑर्डर केलाय. नंबरची चिठ्ठी हरवली होती, पण मोडलेल्या चष्म्याच्या काचेवरूनच मशिनने नंबर काढला. तरी डोळे तपासून घेतलेच, मधल्या काळात पाव वाढलाय.

तुझ्या पोरीची बारावी कशी गेली? घराचं प्लॅस्टर झालं का? आणि तुझ्या नंबरच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठवून ठेव, बुबुळांतलं अंतरही लिहून घे चष्मेवाल्याकडून, बहुतेक चिठ्ठीवर ते नसतंच.

तुझा,
बंड्या