जाहिरात ऐकूही येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या जाहिरातींनी मोबाइल भरून जातो. माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. तो फोन टॉकबॅक लावून वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर फोन त्याला वाचून दाखवतो. गेल्या जानेवारीत एका दुकानाची इन्स्टाग्रामवरची पोस्ट मी त्याच्या शेजारी बसून ऐकली. "फायर, पार्टी पॉपर, शॉपिंग बॅग्ज, फायर" असं बराच वेळ चाललं, मग "धमाका सेल" आणि शेवटी एका दमात न कळणारं काहीतरी. ते होतं #solapurichaddarsale. भाव, पत्ता, तारीख सगळं फोटोवर छापलेलं, त्यामुळे त्याच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. "ताई, पण विकतायत काय?" त्यानं विचारलं.

हाच हॅशटॅग #SolapuriChaddarSale असा, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहिला की फोन तीन शब्द वेगळे वाचतो. शोधताना दोन्ही एकच धरले जातात, त्यामुळे दुकानाचं काही नुकसान नाही. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. तिथे #सोलापुरी_चादर अशी खालची रेघ घालावी; मध्ये जागा सोडली तर हॅशटॅग तिथेच तुटतो. इमोजी एखाद-दुसरा, तोही मजकूर संपल्यावर. प्रत्येकाचं नाव वाचलं जातं, म्हणून वाक्याच्या मध्ये आला की वाक्य तुटतं.

खरं काम आहे फोटोच्या वर्णनाचं, म्हणजे ऑल्ट टेक्स्टचं. ते न दिल्यास अ‍ॅप स्वतः अंदाज बांधतं, पण त्यातून चादरीची नक्षी कळत नाही. "सुंदर चादर" लिहूनही भागत नाही. भावाशी बोलून मी त्याच पोस्टसाठी असं लिहून पाहिलं: "मरून रंगाची डबल चादर, मध्ये पांढरे मोर, दोन्ही काठांना पिवळे पट्टे. घडी उलगडून लाकडी पलंगावर अंथरलेली." सुरुवातीला "फोटोमध्ये" लिहायची गरज नाही, चित्र आहे हे फोन आधीच सांगतो. भाव, पत्ता आणि तारीख मात्र कॅप्शनमध्येच लिहावी, कारण ती डोळस गिऱ्हाइकालाही लागते. मराठी मजकूर देवनागरीतच असावा. इंग्रजी अक्षरांतली मराठी इंग्रजी आवाज वेडीवाकडी वाचतो.

जुन्या पोस्टलाही हे जोडता येतं: तीन टिंबं, Edit आणि मग फोटोवरचं Edit alt text. टाकल्यावर दुकानदारांनी सेटिंग्जमधून टॉकबॅक सुरू करून आपली पोस्ट डोळे मिटून एकदा ऐकावी. तो सुरू असताना एकदा स्पर्श केला की वाचतो, दोनदा केला की उघडतो, आणि सरकवायला दोन बोटं लागतात. ऐकून चादरीचा रंग, भाव आणि दुकानाचा पत्ता सांगता आला नाही, तर माझ्या भावालाही तो कळणार नाही.

आपली,
एक वाचक, सोलापूर