भिंत कोणाची हे न बघता भाड्याचे आकडे कसले सांगता?

संपादक महोदय,

इमारतीची कोरी भिंत आणि गच्चीचा कठडा जाहिरातफलकाला देऊन उत्पन्न कसे मिळवावे, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. कोणत्या बाजूच्या भिंतीला जास्त भाव येतो, चौकाकडे तोंड असेल तर किती फरक पडतो, हे लेखकाने सविस्तर सांगितले आहे. कराराबद्दल मात्र एकच वाक्य आहे, की तो ‘दोन्ही पक्षांच्या संमतीने’ करावा. यातला दुसरा पक्ष कोण? भिंतीचा मालक म्हणून सही कोणी करायची? एवढ्या एका प्रश्नावरून आमच्या इमारतीत माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झाली आहेत.

आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सदनिकाधारकाच्या खरेदीखतात ‘लगतच्या गच्चीचा स्वतंत्र वापर’ असे शब्द आहेत. त्या चार शब्दांच्या जोरावर त्यांनी एका जाहिरात एजन्सीशी परस्पर करार केला आणि रस्त्याकडच्या कठड्यावर लोखंडी सांगाडा उभा राहिला. गच्चीचा वापर म्हणजे गच्चीवर बसणे, कुंड्या ठेवणे. कठडा, भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग आणि खालच्या तुळया या साऱ्या इमारतीच्या, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक असतात. मंजूर नकाशा काढून पाहिला असता तर ती गच्चीही सामाईकच दाखवलेली दिसली असती. नकाशा कोणी मागितलाच नाही.

आम्ही हरकत घेतली तेव्हा तिसराच मालक उगवला. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होईपर्यंत बाह्यभागावर फलक लावण्याचा हक्क बिल्डरने मूळ करारनाम्याच्या मागच्या पानांत स्वतःकडे राखून ठेवला होता, आणि ते हस्तांतर अजून झालेलेच नाही. असे कलम न्यायालयात किती टिकेल हा पुढचा प्रश्न. पण एजन्सीला तेवढे निमित्त पुरले. करारात लिहिले होते की मालकीबद्दल वाद निघाल्यास तो मिटेपर्यंत भाडे स्थगित राहील. तोवर फलकही झाकलेला राहील, असे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. त्यामुळे भाडे थांबले, जाहिराती चालू राहिल्या आणि एजन्सीला वाद मिटवण्याची काहीच घाई उरली नाही.

म्हणून सही करण्याआधी जमीन आणि इमारत आज कोणाच्या नावे आहे याचा अधिकृत उतारा काढावा लागतो. ती सोसायटीच्या नावे झालेली नसेल, तर नोंद ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी संमती हवी. सोसायटीने करार करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि त्यात कोणती भिंत, किती लांबी-रुंदीचा फलक, किती मुदत आणि सही कोण करणार हे नावानिशी असावे. अध्यक्षांची एकट्याची सही म्हणजे सभासदांची संमती नव्हे. इमारत बँकेकडे तारण असेल तर बँकेलाही विचारावे लागते.

परवानगीच्या कागदाचेही तसेच. एजन्सीने दाखवलेली झेरॉक्स मी हातात घेऊन वाचली. शिक्का नेमका जागेच्या रकान्यावर आला होता. तो उजेडात धरला तेव्हा खाली दुसऱ्याच भूखंडाचा क्रमांक दिसला, आणि परवानगी होती जमिनीवर खांब रोवून उभारायच्या फलकाची! परवाना एका जागेचा, एका मापाचा आणि एका मुदतीचा असतो. त्याचा क्रमांक पालिकेच्या कार्यालयात जाऊन तिथल्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय त्या झेरॉक्सला काही किंमत नाही.

लेखात ‘एजन्सी मजबुतीचे प्रमाणपत्र देते’ असे वाचून तर मी अस्वस्थ झालो. ते प्रमाणपत्र सांगाड्याचे असते, त्याखालच्या भिंतीचे नाही. वीस बाय दहा फुटांचा फलक म्हणजे साधारण 18.6 चौरस मीटर. वादळी वारा ताशी 144 किलोमीटरने आला, तर दर चौरस मीटरला सुमारे 960 न्यूटन दाब पडतो. म्हणजे फलकावर जवळपास 1,800 किलो वजनाइतका रेटा येतो. सपाट फलकाला वारा अडतो आणि मागच्या बाजूने ओढही बसते, त्यामुळे प्रत्यक्षातला भार याहूनही जास्त धरावा लागतो. विटांचा कठडा माणूस खाली पडू नये म्हणून बांधलेला असतो, एवढा भार पेलण्यासाठी नव्हे. आमच्याकडे बोल्टभोवती आधी गिलाव्याला केसासारखी गोल चीर आली, मग तिथून गंजाचा तांबडा ओघळ उतरला आणि पुढच्या पावसात खालच्या खोलीचे छत ओले झाले. कठड्यावर असा ओघळ दिसला की बोल्ट हलतो आहे आणि पाणी आत शिरते आहे असे समजावे. सांगाड्याचा भार कठड्यावर न टाकता इमारतीच्या खांब-तुळयांवर घ्यावा लागतो. त्या तो पेलतील का, हे इमारतीने स्वतः निवडलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने तपासावे आणि त्याची फी एजन्सीने भरावी.

करारातल्या आणखी दोन गोष्टी लेखकाने सांगायलाच हव्या होत्या. भाडे सांगाडा उभा राहिल्याच्या दिवसापासून सुरू झाले पाहिजे. आमच्या करारात ‘जाहिरात प्रदर्शित झाल्यापासून’ असे होते, त्यामुळे रिकामा सांगाडा अख्खा पावसाळा फुकट उभा राहिला. दुसरी गोष्ट अनामतीची. मुदत संपल्यावर सांगाडा उतरवणे, बोल्ट कापणे, भोके बुजवणे आणि वॉटरप्रूफिंग पूर्ववत करणे एवढा खर्च निघेल इतकी रक्कम आधीच हातात हवी. आमच्याकडे ती नव्हती. एजन्सी फोन उचलेना आणि विनापरवाना बांधकाम काढण्याची नोटीस आली ती इमारतीच्या नावाने. क्रेन आणि गॅस कटरचे पैसे रहिवाशांनी वर्गणी काढून भरले. त्यात निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे होती, आणि भाड्याचा एक पैसाही त्यांना कधी मिळाला नव्हता.

आणखी एक तक्रार इथेच करतो. त्याच पानावर, लेखाच्या अगदी शेजारी, ‘तुमची भिंत आम्हाला द्या’ अशी एका एजन्सीची मोठी जाहिरात होती. लेख आणि जाहिरात अशी एकाला एक लागून छापली की, हे वृत्तपत्रच त्या एजन्सीची शिफारस करते आहे असे वाचकाला वाटते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनीही अशाच एका जाहिरातीवरचा क्रमांक फिरवला होता. पुढच्या पुरवणीत याच विषयावर एखाद्या वकिलाचा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेख छापावा आणि त्या पानावर या धंद्याची जाहिरात घेऊ नये, ही विनंती. पत्र लांबले आहे. कात्री लावायची असेल तर नोटिशीचा भाग कापा, पण प्रमाणपत्राचा परिच्छेद पूर्ण छापा.

आपला,
एक सदनिकाधारक