एका वर्षात दोन जत्रा: धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी नवी मुंबईतल्या एका जुन्या गावठाणातल्या गावदेवी मंदिर न्यासाचा खजिनदार आहे. घणसोली ते बेलापूर या पट्ट्यात अशी देवळे गावोगावी आहेत. जमिनी सिडकोला गेल्या, भाताची शेते बुजली, आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण देवी जागची हलली नाही आणि चैत्रातली जत्राही चुकली नाही. आमची जत्रा चैत्र शुद्ध अष्टमीला असते. हे पत्र त्या तिथीमुळेच लिहावे लागले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१अ प्रमाणे आम्ही हिशेबाचे वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक आपल्या कार्यालयात देतो. बहुतेक न्यास ते कसे तयार करतात हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी कबुली देतो: मागच्या वर्षीचा कागद काढायचा, प्रत्येक आकड्यात दहा टक्के वाढवायचे, विश्वस्तांच्या सह्या घ्यायच्या आणि पोच आणायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये मीही हेच केले. भिंतीवर पंचांग टांगलेले होते, ते उघडून पाहिले नाही.

पाहिले असते तर दिसले असते की २०२५ मध्ये अष्टमी ५ एप्रिलला आहे आणि २०२६ मध्ये २६ मार्चला. दोन्ही तारखा २०२५-२६ या एकाच आर्थिक वर्षात पडतात. आणि २०२७ ची अष्टमी १४ एप्रिलला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे २०२५-२६ मध्ये दोन जत्रा, २०२६-२७ मध्ये एकही नाही. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. ९ एप्रिल २०२२ आणि २९ मार्च २०२३ अशा दोन जत्रा २०२२-२३ च्या वहीत आहेत आणि त्यापुढच्या वर्षाच्या वहीत जत्रेचे पानच नाही. त्या वेळी मी खजिनदार नव्हतो. जे होते त्यांना विचारले तर म्हणाले, "तेव्हा जरा ओढाताण झाली होती खरी." कशामुळे, ते त्यांना आठवत नव्हते.

आता आकडे सांगतो, सोयीसाठी थोडे गोल करून. एरवीच्या वर्षी, म्हणजे एकच जत्रा असते तेव्हा, आमचे उत्पन्न १६ लाखांच्या घरात जाते. रोजची दानपेटी आणि क्यूआर मिळून ५ लाख ४० हजार, जत्रेच्या दिवसांतले दान ५ लाख, सभागृहाचे भाडे ४ लाख, ठेवींचे व्याज १ लाख ६० हजार. खर्च १५ लाख: जत्रेला साडेसहा लाख (मांडव, रोषणाई, बँड, पालखी, महाप्रसाद, कुस्त्यांची बक्षिसे), पूजाअर्चा, पुजारी, वीज आणि साफसफाईला साडेचार लाख, दुरुस्तीला १ लाख आणि धर्मादाय कामाला ३ लाख. या तीन लाखांत जूनमध्ये शाळेच्या मुलांना वह्या-दप्तरे आणि डायलिसिसवर असलेल्या गावातल्या आठ जणांना महिना दोन हजार रुपये प्रवासखर्च, एवढे भागते.

२०२५-२६ मध्ये जत्रेचा खर्च दोनदा, म्हणजे १३ लाख. मग दानही दोनदा यायला हवे. तसे झाले नाही, आणि सगळ्या भानगडीचे मूळ तिथेच आहे. आमच्याकडे जत्रेनंतर आठवडाभर माहेरवाशिणी ओटी भरायला येत राहतात, म्हणून पेटी दुसऱ्या रविवारी उघडतात. दोन विश्वस्त, गावातले पाच पंच, दोन वेगवेगळ्या किल्ल्या, मोजणी, पंचनामा आणि सोमवारी बँक. (सुटी नाणी घ्यायला बँकेचा कॅशिअर कसा नाखूश असतो यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.) यंदा दुसरा रविवार ५ एप्रिल २०२६ ला आला. क्यूआरवरचे एक लाख मार्चमध्येच खात्यात जमा झाले होते, पण पेटीतले रोख चार लाख मोजले गेले नव्या वर्षात. आमचे हिशेब रोखीच्या पद्धतीने असल्याने खर्च एका वर्षात लागला आणि त्याच जत्रेचे दान दुसऱ्या वर्षात.

म्हणून २०२५-२६ चे उत्पन्न १७ लाख आणि ठरलेला खर्च साडेएकवीस लाख. तूट साडेचार लाख. उलट २०२६-२७ मध्ये उत्पन्न १५ लाख अपेक्षित आहे, जत्रा नसल्याने ठरलेला खर्च मात्र साडेआठ लाख. दोन वर्षे एकत्र धरली तर ३२ लाख आले आणि ३० लाख गेले, म्हणजे नेहमीच्या दोन वर्षांइतकेच. देवीचे काही कमी-जास्त झाले नाही. फक्त ३१ मार्चची रेघ नको त्या जागी पडली.

पण ती रेघ पडल्यावर कापले काय गेले ते पाहा. मार्चमध्ये दुसरी जत्रा येतेय हे ऑक्टोबरच्या बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आले. मांडववाल्याला आगाऊ रक्कम द्यायची होती. जत्रा लहान करायची म्हटले तर गाव अंगावर येते. पुजाऱ्याचा पगार थांबवता येत नाही. वीज तर नाहीच. उरली डायलिसिसची मदत. नोव्हेंबर ते मार्च ती आम्ही बंद केली. पाच महिन्यांत वाचले ८० हजार. तूट मग ३ लाख ७० हजारांवर आली आणि ती भरायला शेवटी ठेव मोडावीच लागली. ठेव मोडायचीच होती तर ८० हजारांची जास्त मोडली असती. बैठकीत हे मला सुचले नाही. डिसेंबरमध्ये एक ताई देवळात आल्या, त्यांच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा वाशीला न्यावे लागते. म्हणाल्या, "दादा, रिक्षावाला मार्चपर्यंत थांबत नाय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

जत्रेला तिथी असते, पाहुणे असतात, पोस्टरवर नावे असतात. मदतीला यातले काही नसते. म्हणून अंदाजपत्रक चुकले की भार मदतीवर येतो. कलम ३१अ म्हणते की अंदाजपत्रकात न्यासाची उद्दिष्टे पार पाडण्यासाठी पुरेशी तरतूद हवी. आमच्या कागदावर ती होती. वर्षअखेरीला ती पाळली गेली का, हे त्या कागदावरून कळत नाही.

२०२६-२७ मध्ये पेच उलटा होणार आहे. आयकराच्या नियमाने न्यासाने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करायला हवी. १५ लाखांचे ८५ टक्के म्हणजे पावणेतेरा लाख. आमचा ठरलेला खर्च साडेआठ. सव्वाचार लाख कमी. मागच्या वर्षी जास्तीचा खर्च केला होता ना, तो धरा, असे म्हणायची सोय पूर्वी होती, २०२१ च्या वित्त कायद्याने ती काढली. "उत्सव निधी" म्हणून वहीत बाजूला ठेवले तर आयकर त्याला खर्च मानत नाही. एक वाट आहे: कारण आणि मुदत लिहून विश्वस्तांचा ठराव करायचा, आयकर विभागाकडे त्याचा वेगळा अर्ज मुदतीत भरायचा, रक्कम मान्य बँकेत ठेवायची आणि पाच वर्षांच्या आत त्याच कामावर खर्च करायची. १४ एप्रिल २०२७ च्या जत्रेसाठी आम्ही हे करणार आहोत. आमच्या सीएने सांगितले म्हणून कळले. ज्या न्यासाचा सीए वर्षातून एकदाच सही करायला भेटतो, त्यांचे काय होत असेल?

कुणी म्हणेल, हिशेबाचे वर्षच बदला. कलम ३३ मध्ये ३१ मार्चऐवजी दुसरा दिवस ठरवून देण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे मला माहीत आहे. पण आयकराचे वर्ष मार्चलाच संपते, मग दोन ताळेबंद करत बसावे लागेल. कुणी म्हणेल, पेटी ३१ मार्चला उघडा. ते मात्र जमण्यासारखे आहे. मार्चमध्ये जत्रा आली तर ३१ ला एकदा आणि दुसऱ्या रविवारी परत एकदा, असा ठराव आम्ही आता केला आहे. ज्येष्ठ मंडळी कुरकुरली, पण देवीचा कौल घ्यावा लागला नाही.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. अंदाजपत्रकाच्या विहित नमुन्यात जमा आणि खर्चाच्या रकमा विचारल्या जातात, उत्सवाची तारीख विचारली जात नाही. मुख्य उत्सवाची तिथी आणि येणाऱ्या आर्थिक वर्षात तो कोणत्या तारखेला, किती वेळा पडतो, एवढी एक ओळ त्यात घालावी. ती भरण्यासाठी तरी खजिनदाराला पंचांग उघडावे लागेल. दोन जत्रांच्या किंवा बिनजत्रेच्या वर्षी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी दाखवायला सांगावे, म्हणजे आपल्या निरीक्षकालाही एका वर्षी तूट आणि दुसऱ्या वर्षी शिल्लक पाहून शंका येणार नाही. ताळेबंदाच्या नमुन्यात राखीव आणि इतर निधींसाठी जागा आहेच. चैत्रात जत्रा असलेल्या न्यासांनी उत्सवासाठी वेगळा निधी तिथे दाखवावा, आणि धर्मादाय मदतीची मंजूर रक्कम वर्षाच्या मध्ये कमी केली तर कारणासह ठराव हिशेबाला जोडावा, असे परिपत्रक काढता येईल. यातल्या शेवटच्या गोष्टीचा मला जास्त आग्रह आहे. ऑक्टोबरच्या त्या बैठकीत मदत बंद करण्याचा ठरावसुद्धा झाला नव्हता. चहा पिता पिता ठरले होते.

रुग्णांची मदत आम्ही एप्रिलपासून पुन्हा सुरू केली आहे, मागच्या पाच महिन्यांचीही दिली. येत्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक देताना वरच्या मजकुराचा एक जादा कागद मी जोडणार आहे. तो विहित नमुन्यात नाही म्हणून खिडकीवरून परत येणार नाही, एवढे आधी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका गावदेवी मंदिर न्यासाचा खजिनदार
नवी मुंबई