जुन्या व्हर्जनची वाट का बंद होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपडेटनंतर फोन मंदावला, पण कंपनी जुन्या व्हर्जनवर परत जाऊ देत नाही, म्हणजे नवा फोन गळ्यात मारण्याचाच हा डाव, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांत अलीकडे वाचली. मी मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात आहे. ही चिडचिड गिऱ्हाइकांकडून रोज ऐकतो आणि ती खोटी नाही. डावाचा आरोप मात्र मला पटत नाही.

फोन सुरू होताना बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी चालतो. पुढच्या सॉफ्टवेअरवर कंपनीची डिजिटल सही आहे ना, हे तो तपासतो. एवढी राखण पुरेशी वाटते, पण गोम अशी की जुन्या फर्मवेअरवरची, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवरची सहीसुद्धा अस्सलच असते आणि तिला मुदत नसते. समजा, जुन्या बूटलोडरमध्ये लॉक चुकवून आत शिरता येईल अशी चूक सापडली आणि कंपनीने ती नव्या अपडेटमध्ये दुरुस्त केली. तरी ती सदोष फाइल इंटरनेटवर सहीसकट पडून असतेच. चोराने केबल जोडून तीच फोनमध्ये चढवली, तर तुम्ही इमानदारीने केलेलं अपडेट वाया गेलं. सही पाहणाऱ्याला त्यात काही वावगं दिसणारच नाही.

म्हणून सहीच्या जोडीला आकडा आला. प्रोसेसरमध्ये ई-फ्यूज नावाचे अगदी बारीक फ्यूज असतात आणि किती जाळले, त्यावरून फोनमध्ये एक आकडा नोंदला जातो. ते एकदा जाळले की पूर्ववत होत नाहीत, फोन रिसेट करा नाहीतर मेमरी पुसा. फर्मवेअरमध्ये एक क्रमांक लिहिलेला असतो. तो फ्यूजमधल्या आकड्यापेक्षा लहान निघाला, की फोन ते फर्मवेअर नाकारतो. सॅमसंगच्या फोनमध्ये डाउनलोड मोडवर, म्हणजे केबलने सॉफ्टवेअर चढवण्याच्या पडद्यावर, अशा वेळी `SW REV CHECK FAIL : [aboot]Fused 2 > Binary 1` अशा धर्तीची लाल ओळ येते. फोनमध्ये 2 जळलेला आहे आणि तुम्ही 1 ची फाइल चढवताय, एवढाच तिचा अर्थ. बूटलोडर अनलॉक केला, म्हणजे कंपनीच्या सहीची सक्ती काढली, की हे टळतं, असं बरेच हौशी लोक समजतात. अनलॉक केल्यावर अँड्रॉइडच्या आवृत्तीची तपासणी सैल होते हे खरं, पण खुद्द बूटलोडरसाठी जाळलेला फ्यूज त्याने उलटत नाही.

आकडा प्रत्येक अपडेटला वाढत नाही, कारण फ्यूज मोजकेच असतात. गंभीर भगदाड बुजवलं, तरच कंपनी तो खर्च करते. त्यामुळे आकडा तोच असेल, तर मागच्या व्हर्जनवर जाण्याची वाट बहुधा उघडी असते. सॅमसंगमध्ये हे आधीच पाहता येतं. बिल्ड नंबरच्या शेवटून पाचवं अक्षर म्हणजे हा आकडा, उदाहरणार्थ `G991BXXU5CVDD` मधला 5. फोनमधला आणि फाइलमधला आकडा ताडून पाहा, फाइलमधला लहान असेल तर तिच्या नादी लागू नका.

या आकड्याच्या कुलपाचा फटका कसा बसतो, ते 2022 च्या ऑगस्टमध्ये पिक्सेल 6, 6 प्रो आणि 6ए या फोनवर दिसलं. अँड्रॉइड 13 सोबत गूगलने बूटलोडरचा आकडा वाढवला. या फोनमध्ये सॉफ्टवेअरच्या दोन प्रती दोन कप्प्यांत असतात. अपडेट एका कप्प्यात चढतं, दुसऱ्यात जुनं तसंच राहतं, म्हणजे नवं चाललं नाही तर फोन जुन्यावर उठतो. अँड्रॉइड 13 पहिल्यांदा नीट सुरू झालं की आकडा वाढायचा, आणि दुसऱ्या कप्प्यातला जुना बूटलोडर तिथेच बाद व्हायचा. त्यानंतर कोणी चालू कप्प्यात दुसरं काही चढवलं आणि ते बिघडलं, की फोन सवयीने जुन्या कप्प्याकडे वळणार आणि बंद पडणार. जीव वाचवायला ठेवलेली प्रतच जीवावर उठली. दोन्ही कप्प्यांत नवा बूटलोडर चढवा, अशी सूचना गूगलने डेव्हलपरांसाठीच्या डाउनलोड पानावर दिली होती. पण साधा ग्राहक ते पान कशाला उघडतो?

माझी तक्रार आहे ती इथे. कुलूप हवंच, पण ते बसण्याआधी मालकाला सांगायला नको का? अपडेटच्या पडद्यावर नव्या इमोजींची यादी असते, कॅमेऱ्याचं कौतुक असतं. 'हे अपडेट घेतल्यावर आधीच्या व्हर्जनवर परत जाता येणार नाही' हे एक वाक्य, 'इन्स्टॉल'च्या बटणाच्या वर, ठळक अक्षरांत छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? आकडा वाढणार की नाही, हे त्यांना फाइल तयार करतानाच माहीत असतं.

आपला,
मोबाईल दुरुस्ती करणारा एक वाचक